दवाखान्यासाठी एफडी मोडायची आहे: ज्येष्ठांनी दंडमाफी कशी मागावी

"साहेब, पेनल्टी तेवढी लावू नका हो." "काकू, ते सिस्टिमच कापतं. आमच्या हातात नाही."

ठाण्यातल्या बँकेच्या काउंटरवर हा संवाद मी दोन्ही बाजूंनी ऐकला आहे, नोकरीत असताना आणि आता शेजाऱ्यांबरोबर जातानाही. काउंटरवरचा मुलगा खोटं बोलत नसतो. त्याच्या लॉगिनमधून ठेव मोडली की दंड आपोआप कापला जातो. पण बहुतेक बँकांत वरच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीने तो शून्य करता येतो. ती मंजुरी तोंडी विनवणीने मिळत नाही, कागदाने मिळते, आणि कागद ठेव मोडण्याआधी पोचलेला असावा लागतो. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे मोबाइल ॲपवरून एफडी मोडू नका. तिथे विनंती करायला जागाच नसते. एक बटण दाबलं की दंड कापून पैसे बचत खात्यात, आणि कापलेला दंड परत मागणं हे न कापण्याची विनंती करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

दंड म्हणजे नेमकं काय, आणि माफ काय होऊ शकतं

आजारपणात दंड माफ झालाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. मुदतीआधी ठेव मोडल्यास किती दंड घ्यायचा हे प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचं असतं, आणि ठेव घेतानाच ते ठेवीदाराला सांगायचं असतं. त्यामुळे आपण हक्क मागत नसून बँकेच्या स्वतःच्या धोरणातली सवलत मागत असतो. हे धोरण बँकेच्या वेबसाइटवर 'डिपॉझिट पॉलिसी' या नावाने असतं. त्यातला मुदतपूर्व पैसे काढण्याविषयीचा परिच्छेद नातवाकडून शोधून छापून घ्या. कुठे ज्येष्ठांना सूट असते, कुठे गंभीर आजाराचा उल्लेख असतो, कुठे "सक्षम अधिकारी योग्य कारणासाठी माफी देऊ शकतात" एवढंच एक वाक्य असतं. ते एक वाक्यही पुरतं. काहीच नसेल तरी अर्ज करता येतो, मात्र मग सगळी भिस्त वरच्या साहेबांच्या मर्जीवर.

दुसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मुदतीआधी ठेव मोडली की व्याज दोन ठिकाणी कमी होतं. आधी ठरलेला दर जातो आणि ठेव जितके महिने प्रत्यक्ष राहिली त्या मुदतीचा, ठेव ठेवली त्या दिवशीचा दर लागतो. मग त्या दरातून दंडाचा अर्धा किंवा एक टक्का वजा होतो. माफी मिळते ती या दुसऱ्या भागाची. पहिला भाग नियमानेच लागतो, त्यासाठी शाखेत वाद घालण्यात अर्थ नाही. सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर व्याजच मिळत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. काका ७४ वर्षांचे, काकू ७०. पूर्वी नौपाड्यात राहायचे, इमारत पुनर्विकासाला गेली आणि ते घोडबंदर रोडला कासारवडवलीला मुलाकडे राहायला गेले. बँकेची शाखा मात्र जुनीच, नौपाड्यातली. दोघांच्या नावावर ६ लाखांची तीन वर्षांची एफडी आहे, दर ७.५० टक्के, व्याज दर तिमाहीला बचत खात्यात जमा. चौदा महिने झाले आणि काकांना बायपास सांगितली. विम्याची मर्यादा तोकडी पडली, वरचे ४ लाख घरून उभे करायचे आहेत.

आधी पूर्ण ठेव मोडली तर काय होतं ते पाहू. ठेव ठेवली त्या दिवशी एक ते दोन वर्षांच्या मुदतीला ज्येष्ठांचा दर ७.१० टक्के होता असं धरू, आणि दंड एक टक्का. चौदा महिन्यांचं व्याज ७.१० टक्क्यांनी ४९,७०० रुपये होतं. दंड लावून ६.१० टक्क्यांनी ते ४२,७०० होतं. पण चार तिमाह्यांचं ७.५० टक्क्यांप्रमाणे ४५,००० रुपये व्याज काकूंना आधीच मिळालं आहे. म्हणजे दंड लागला तर बँकच २,३०० रुपये मुद्दलातून परत घेईल आणि हातात ५,९७,७०० पडतील. मुद्दलापेक्षा कमी रक्कम पाहून म्हातारी माणसं घाबरतात, कुणीतरी पैसे खाल्ले असं वाटतं. तसं नसतं, जादा दिलेलं व्याज वळतं केलेलं असतं. दंड माफ झाला तर ६,०४,७०० मिळतील. झगडा आहे तो या ७,००० रुपयांचा. तो करण्यासारखा आहेच, पण त्यापायी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलण्यासारखा नाही.

मोडण्याआधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न, सगळी ठेव मोडायची गरज आहे का? लागणार आहेत ४ लाख. कित्येक बँका ठेवीतली थोडी रक्कम काढू देतात आणि उरलेली जुन्याच दराने चालू ठेवतात. मग दंड ४ लाखांपुरताच, म्हणजे ७,००० ऐवजी सुमारे ४,६७० रुपये. शाखेत "एफडी मोडायची" असं न म्हणता "काही भाग काढता येतो का" असं विचारा. नाहीतर अख्खी मोडून उरलेल्या २ लाखांची नवी पावती आजच्या दराने करून देतील.

दुसरा प्रश्न, पैसे परत येणार आहेत का? विम्याचा दावा नंतर मंजूर होणार असेल, किंवा मुलाच्या कार्यालयाकडून वैद्यकीय खर्चाची भरपाई मिळणार असेल, तर ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढी रक्कम कर्जाऊ उचला. साधारणपणे ठेवीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत मिळतो आणि दर ठेवीच्या दरापेक्षा एखाद टक्का जास्त असतो. ४ लाखांवर ८.५० टक्के भरायचे आणि त्याच ४ लाखांवर ७.५० टक्के मिळत राहणार, म्हणजे खरा भार वर्षाला एक टक्का, महिन्याला ३३३ रुपये. दोन महिन्यांत पैसे परत आले तर खर्च ७०० रुपयांच्याही आत. उलट ४ लाख मोडले तर दंडाचे ४,६७० आणि दर घसरल्याचे सुमारे १,८७०, मिळून ६,५०० च्या वर जातात. पैसे वीसेक महिन्यांत परत येणार असतील तर ओव्हरड्राफ्ट स्वस्त, येणारच नसतील तर मोडणं बरं. ठेवीच्या व्याजावर ज्यांना प्राप्तिकर बसतो त्यांनी ही सीमा थोडी अलीकडे धरावी.

ओव्हरड्राफ्टचा आणखी एक उपयोग आहे, जो शाखेतले लोक आपणहून सांगत नाहीत. दंडमाफीचा अर्ज शाखेतून विभागीय कार्यालयात जातो आणि उत्तराला दिवस लागतात. दवाखान्याला मात्र पैसे उद्या हवे असतात. अशा वेळी आज ओव्हरड्राफ्ट घेऊन दवाखान्याचे पैसे भरा, माफीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि मंजुरी आली की ठेव मोडून ओव्हरड्राफ्ट मिटवा. चार-आठ दिवसांचं व्याज जाईल, पण सात हजारांसाठी केलेली विनंती जिवंत राहील.

करबचतीची पाच वर्षांची एफडी असेल तर मात्र यातलं काहीच चालत नाही. ती मुदतीआधी मोडता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही, आजार कितीही गंभीर असो. पावतीवर तसं लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. बाकी एका व्यक्तीच्या १ कोटीपर्यंतच्या ठेवीला मुदतपूर्व मोडण्याची सोय द्यावीच लागते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत ही मर्यादा १५ लाख होती.

अर्ज आणि सोबतचे कागद

अर्ज एका पानाचा असावा. त्यात आजाराची करुण कहाणी नको, वरच्या साहेबाला सही करायला लागतील तेवढ्याच गोष्टी हव्यात. काकूंचा अर्ज असा होईल:

*प्रति, शाखा व्यवस्थापक, नौपाडा शाखा, ठाणे.*

*विषय: वैद्यकीय कारणास्तव मुदत ठेवीतील रक्कम मुदतपूर्व काढणे व दंडव्याज माफ करणे.*

*महोदय, आम्ही दोघे ज्येष्ठ नागरिक असून आपल्या शाखेत आमची संयुक्त मुदत ठेव (क्रमांक ………, रक्कम ६,००,००० रुपये, देय तारीख ………) आहे. आमच्यापैकी पहिल्या ठेवीदारांची दि. ……… रोजी हृदय शस्त्रक्रिया होणार आहे. दवाखान्याचे अंदाजपत्रक ……… रुपयांचे असून विमा कंपनीने ……… रुपये मंजूर केले आहेत. उरलेल्या रकमेसाठी आमच्याकडे दुसरी तरतूद नाही. तरी या ठेवीतून ४,००,००० रुपये काढण्यास परवानगी द्यावी आणि बँकेच्या ठेव धोरणातील परिच्छेद क्र. …… नुसार दंडव्याज माफ करावे. ठेव राहिलेल्या मुदतीचा दर आम्हाला मान्य आहे. माफीचा अधिकार शाखेकडे नसल्यास हा अर्ज शिफारशीसह सक्षम अधिकाऱ्यांकडे आजच पाठवावा. रक्कम दवाखान्याच्या पुढील खात्यात थेट पाठवली तरी चालेल: ………*

यातली तीन वाक्यं महत्त्वाची आहेत. "राहिलेल्या मुदतीचा दर मान्य आहे" यावरून साहेबाला कळतं की तुम्ही फक्त दंडाचं बोलताय, पूर्ण व्याज मागत नाही. "सक्षम अधिकाऱ्यांकडे पाठवावा" यामुळे शाखेला नुसतं नाही म्हणून विषय संपवता येत नाही. आणि पैसे थेट दवाखान्याला पाठवायची तयारी दाखवली की कारण खरं आहे का ही शंका उरत नाही. तसेही पैसे रोख मिळणार नाहीत. ठेवीची रक्कम व्याजासह २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर ती खात्यावर किंवा अकाउंट पेयी चेकनेच द्यावी लागते, हा प्राप्तिकराचा नियम आहे.

कागदांत सगळ्यात वजन असतं ते विमा कंपनीच्या पत्राला. दावा नाकारल्याचं किंवा अपुरी रक्कम मंजूर केल्याचं पत्र दवाखान्याच्या विमा काउंटरवर मिळतं, ते मागून घ्या. त्या एका पत्रातून आजार, खर्च आणि तुटवडा तिन्ही सिद्ध होतात. विमाच नसेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा. त्याखालोखाल दवाखान्याचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, निदान आणि शस्त्रक्रियेची तारीख हवी. "उपचार सुरू आहेत" एवढ्याच मजकुराची चिठ्ठी घेऊन गेलात तर ती परत येईल. आजारी व्यक्ती ठेवीदार नसून मुलगी किंवा भाऊ असेल तर नात्याचा पुरावा जोडा. मूळ पावती, दोघांचे पॅन आणि आधारच्या प्रती लागतील. पावतीच्या मागे सही करताना एक रुपयाचं महसूल तिकीट मागतात, ते घरूनच न्या.

अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर शाखेचा आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. त्याच दिवशी अर्जाचा फोटो शाखेच्या ईमेलवर पाठवा. विभागीय कार्यालयात पुढे जातो तो बहुतेक वेळा ईमेलच, त्यामुळे शाखेचंही काम हलकं होतं.

दोघांच्या सह्या, आणि त्यातला एक आयसीयूत

पैशांपेक्षा जास्त गाडी अडते ती इथे. पावतीवर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, असं लिहिलेलं असतं आणि काकूंना वाटतं, माझी एकटीची सही चालेल. मुदत संपल्यावर चालते. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघेही हयात असताना बँक दोघांची सही मागू शकते, आणि बहुतेक बँका मागतातच. ठेवीवरच्या ओव्हरड्राफ्टलाही तेच. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख ठरली की भरती होण्याआधीच काकांच्या सह्या घ्या: अर्जावर, पावतीच्या मागे आणि बँकेच्या मोडण्याच्या फॉर्मवर. सही वयानुसार बदललेली असेल तर बँकेतली नमुना सही आधी नवी करून घ्या. थरथरत्या हाताची सही जुळत नाही म्हणून शाखेने अर्ज परत पाठवला, असं फार वेळा घडतं.

काका आधीच भरती असतील पण शुद्धीत असतील, तर रिझर्व्ह बँकेने आजारी आणि वृद्ध खातेदारांसाठी घालून दिलेली पद्धत आहे. सही करता येत नसेल तर अंगठ्याचा ठसा, हाताचा जमत नसेल तर पायाचा. तोही शक्य नसेल तर नुसती खूण. हे बँकेला माहीत असलेल्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर व्हावं लागतं आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. घरचा मुलगा स्वतंत्र साक्षीदार ठरत नाही. दुसरा साक्षीदार म्हणून त्याच शाखेत खातं असलेले जुने शेजारी सगळ्यात बरे, नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी वगैरे.

अधिकाऱ्याला वॉर्डात बोलवायचं तर आधी व्यवस्थापकाला लेखी कळवा आणि दवाखान्याकडून भेटीची परवानगी घ्या. सकाळची वेळ ठरवा. दुपारी घोडबंदरच्या गर्दीत नौपाड्याहून माणूस पोचेपर्यंत भेटीची वेळ संपते. त्याच बँकेची जवळची शाखा माणूस पाठवू शकते का, हेही विचारून ठेवा. गुंगीचं औषध कधी देतात ते नर्सला विचारा, कारण अधिकारी आल्यावर काकांना त्यांचं नाव आणि पैसे कशासाठी काढताय हे विचारतो. त्यांनी मान हलवून का होईना, पण समजून उत्तर द्यायला हवं. झोपलेल्या माणसाचा अंगठा धरून उमटवलेला ठसा कुठलाही शहाणा अधिकारी घेणार नाही. शाईचा पॅड सोबत असतोच, पण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणि मनगटाला सलाईनची सुई असते. कोणता हात मोकळा आहे ते आधी बघा आणि खाली टेकायला पुठ्ठा ठेवा. ठसा फिसकटला तर फॉर्म पुन्हा भरावा लागतो.

काका बेशुद्ध असतील तर शाखेच्या हातात काही उरत नाही. साधं मुखत्यारपत्र अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ज्याने ते दिलं त्याची समज गेली की एजंटचा अधिकारही संपतो. नामनिर्देशनाचा हक्क मृत्यूनंतरच सुरू होतो. अशा कुटुंबांना उच्च न्यायालयातून पालकत्व घ्यावं लागतं, ते काही दोन दिवसांचं काम नाही. तोपर्यंत काकूंच्या एकटीच्या नावावर जे असेल त्यातूनच भागवावं लागतं. म्हणूनच मी शेजाऱ्यांना सांगतो, सगळी रक्कम एका मोठ्या संयुक्त पावतीत ठेवू नका. दोन-दोन लाखांच्या वेगळ्या पावत्या करा, आणि एखादी प्रत्येकाच्या एकट्याच्या नावावर, नामनिर्देशनासह.

नकार आला तर

नकार लेखी मागा, कारणासह. मग बँकेच्या तक्रार विभागाकडे जा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. पण अपेक्षा नीट ठेवा. "दया दाखवली नाही" ही तक्रार तिथे टिकत नाही, कारण माफी हा बँकेचा स्वेच्छाधिकार आहे. धोरणात सूट लिहिलेली असून दिली नाही, ठेव घेताना दंडाचा दर सांगितलाच नव्हता, किंवा अर्ज घेऊन कुणी तो पुढे पाठवलाच नाही, या तक्रारींना आधार असतो. तिथे तो आवक शिक्का कामी येतो.

पतसंस्थेत ठेव असेल तर लोकपाल नाही. ती बँक नाही, तिथे संस्थेचे उपविधी चालतात आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे करावी लागते. तिथे दंडमाफीचा निर्णय बहुधा संचालकांच्या पातळीवर होतो, त्यामुळे अर्ज व्यवस्थापकाबरोबर अध्यक्षांच्याही नावे द्या.

मंजुरी मिळाली तरी पैसे जमा झाल्यावर शाखेकडून ठेव मोडल्याचा हिशेबाचा कागद मागून घ्या. त्यावर लावलेला दर आणि दंड वेगवेगळे दिसतात. काकूंच्या बाबतीत ४ लाखांना ७.१० टक्के दर आणि दंडाच्या रकान्यात शून्य दिसायला हवं. ६.१० दिसलं तर मंजुरी कागदावर राहिली आणि काउंटरवर नेहमीचंच बटण दाबलं गेलं असं समजा, आणि मंजुरीची प्रत घेऊन त्याच दिवशी व्यवस्थापकाकडे जा. दुरुस्ती त्याच दिवशी सोपी जाते, तिमाही बंद झाल्यावर पुन्हा विभागीय कार्यालयाची परवानगी काढावी लागते.